व्होल्टेजची चौकट आणि तिचा पहारेकरी

मुंबईच्या उपनगरांतील जुन्या इमारतींमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, एक चमत्कारिक तक्रार अधूनमधून ऐकू येते. एका घरातील दिवे मिणमिणू लागतात, पंखा रेंगाळतो, फ्रिजचा कम्प्रेसर नुसता घरघर करतो. त्याच वेळी शेजारच्या घरातील बल्ब डोळे दिपावेत इतका प्रखर पेटतो आणि काही क्षणांत दूरचित्रवाणी संचातून जळका वास येतो. एकाच इमारतीत, एकाच मिनिटाला, एका घरात वीज कमी आणि दुसऱ्या घरात जास्त. वायरमन मीटर रूममध्ये उतरतो आणि बहुतेक वेळा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतो: न्यूट्रल सुटला आहे.

इमारतीत वीज तीन फेजमधून येते आणि घरे त्या तीन फेजवर वाटलेली असतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्टचा विद्युतदाब असतो. दोन फेजमध्ये मात्र तो सुमारे ४०० व्होल्ट असतो. न्यूट्रल ही सर्व घरांची परतीची सामाईक वाट आहे. दमट, खाऱ्या हवेत मीटर रूममधील तिचा जोड गंजला आणि सुटला, की निरनिराळ्या फेजवरील दोन घरे ४०० व्होल्टच्या दोन टोकांमध्ये एकापुढे एक जोडल्यासारखी होतात. समजा, एका घरात २००० वॉटचा गीझर चालू आहे, दुसऱ्या घरात २०० वॉटची उपकरणे आहेत आणि तिसऱ्या फेजवरील घर बंद आहे. दोन्ही घरांतून आता एकच प्रवाह वाहतो. ज्या घराचा रोध दहापट, त्याच्या वाट्याला विद्युतदाबही दहापट येतो. ४०० व्होल्टचे अकरा भाग केले, तर गीझरच्या घराला एक भाग म्हणजे सुमारे ३६ व्होल्ट मिळतात आणि दुसऱ्या घरावर दहा भाग म्हणजे सुमारे ३६४ व्होल्ट येऊन आदळतात. कमी वीज वापरणाऱ्याचेच नुकसान अधिक, असा हा उलटा न्याय आहे.

फ्यूज किंवा एमसीबी येथे वेळेवर उपयोगी पडत नाहीत, कारण ती साधने जादा प्रवाहावर लक्ष ठेवतात, विद्युतदाबावर नाही. या ठिकाणी पहारेकरी हवा तो दोन्ही बाजूंना पाहणारा. विद्युतदाब फार खाली गेला का आणि फार वर गेला का, हे दोन प्रश्न विचारून ‘मर्यादेत आहे’ किंवा ‘नाही’ एवढे एकच उत्तर देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मंडलाला विंडो कम्पॅरेटर म्हणतात. खालची कडा आणि वरची कडा यांच्यामधील मोकळी जागा ही त्याची ‘खिडकी’.

खिडकी किती रुंद?

पहिला निर्णय कडा कोठे ठेवायच्या याचा. त्यासाठी एक आधार उपलब्ध आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती पुरवठ्याचा विद्युतदाब ठरलेल्या आकड्यापासून सहा टक्क्यांहून अधिक ढळू नये, असे म्हटले होते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २००५ मध्ये घालून दिलेल्या कामगिरीच्या मानकांतही हीच सहा टक्क्यांची मर्यादा होती. अंधेरी, बोरिवली येथे वीज देणारी कंपनी वेगळी आणि मुलुंडमध्ये महावितरण, असा भेद असला तरी मोजपट्टी दोन्हीकडे एकच. २३० व्होल्टला सहा टक्के लावले की खालची कडा २१६.२ व्होल्ट आणि वरची कडा २४३.८ व्होल्ट अशी येते.

मात्र ही कायद्याची खिडकी आहे. ती केवळ सूचना देण्यासाठी योग्य. घराचा पुरवठा आपोआप तोडायचा असेल, तर एवढी अरुंद खिडकी त्रासदायक ठरते. संध्याकाळी भार वाढून विद्युतदाब २१५ व्होल्टवर आला तर उपकरणे जळत नाहीत, पण पुरवठा तुटला तर घर अंधारात जाते. म्हणून तोडणारे मंडल रुंद खिडकीचे, उदाहरणार्थ १८० ते २६० व्होल्टचे, ठेवणे सोयीचे असते. न्यूट्रल सुटल्यावर येणारे ३६ किंवा ३६४ व्होल्ट त्याच्याही बरेच बाहेर असतात. येथे हिशेब अरुंद खिडकीचा मांडला आहे; रीत दोहोंची सारखीच आहे.

तीन रेझिस्टरांची शिडी

कम्पॅरेटर म्हणजे तुलना करणारी आयसी. तिच्या दोन प्रवेशांपैकी कोणत्या ठिकाणी विद्युतदाब अधिक आहे, एवढेच ती सांगते. एलएम३९३ या जुन्या, स्वस्त आणि लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणाऱ्या आयसीत असे दोन कम्पॅरेटर असतात. खिडकीच्या दोन कडांना ते नेमके पुरतात.

२३० व्होल्ट थेट आयसीला देता येत नाहीत. एका छोट्या ट्रान्सफॉर्मरने ते ९ व्होल्टवर आणायचे, चार डायोडांच्या ब्रिजने एकदिश करायचे, कपॅसिटरने सपाट करायचे आणि दोन रेझिस्टर व एका प्रीसेटच्या साह्याने असे विभागायचे की भिंतीतील २३० व्होल्टला मंडलात बरोबर २ व्होल्ट मिळावेत. याला मापन-व्होल्टेज म्हणू. मंडलातील एक व्होल्ट म्हणजे भिंतीतील ११५ व्होल्ट, असे हे प्रमाण झाले. त्या हिशेबाने सहा टक्क्यांच्या कडा १.८८ व्होल्ट आणि २.१२ व्होल्ट येथे पडतात.

या दोन कडा स्थिर राहिल्या पाहिजेत. पुरवठ्याबरोबर त्याही हलल्या तर तुलनेला अर्थ उरणार नाही. त्यासाठी टीएल४३१ सारख्या संदर्भ-आयसीतून २.५ व्होल्टचा स्थिर विद्युतदाब घेतात आणि त्याच्याखाली तीन रेझिस्टर एकाखाली एक जोडून जमिनीपर्यंत नेतात. वरच्या आणि मधल्या रेझिस्टरांच्या सांध्यावर वरची कडा मिळते, मधल्या आणि खालच्या रेझिस्टरांच्या सांध्यावर खालची. शिडीतून सुमारे ०.१ मिलिअँपिअर प्रवाह वाहू द्यायचा ठरवले, तर प्रत्येक ०.१ व्होल्टमागे एक किलोओहम लागतो. वर ०.३८ व्होल्ट पडायला हवेत, म्हणून ३.८ किलोओहम, मध्ये ०.२४ व्होल्ट, म्हणून २.४ किलोओहम, खाली १.८८ व्होल्ट, म्हणून १८.८ किलोओहम.

बाजारात एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर ठरावीक किमतींतच मिळतात. वर ३.८३ आणि खाली १८.७ किलोओहम घ्यावेत. मधल्या जागी एकाऐवजी ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडावेत; त्यांचा एकत्रित रोध २.३५ किलोओहम होतो. दोन का, ते पुढे दिसेल. या संख्यांनी कडा १.८७९ आणि २.११५ व्होल्ट येथे येतात. ११५ ने गुणले की भिंतीतील विद्युतदाब २१६.१ आणि २४३.२ व्होल्ट मिळतो. मनातील आकड्यांच्या हे पुरेसे जवळ आहे.

शिडीतील प्रवाह याहून फार कमी ठेवण्याचा मोह टाळावा. कम्पॅरेटरचा प्रवेशही किंचित प्रवाह वाहून नेतो. एलएम३९३ मध्ये तो सामान्यतः २५ नॅनोअँपिअर आणि वाईटात वाईट स्थितीत २५० नॅनोअँपिअर असतो. ०.१ मिलिअँपिअरच्या शिडीवर त्याचा परिणाम भिंतीच्या मोजपट्टीत व्होल्टचा काही दशांश भागही होत नाही. शिडी शंभरपट मोठ्या रोधांची केली, तर तोच प्रवाह कडा हलवू लागतो.

एकाच शिडीवर दोन्ही कडा घेण्याचा आणखी एक फायदा आहे. साध्या प्रतीच्या टीएल४३१ ची अचूकता दोन टक्के असते. म्हणजे भिंतीच्या मोजपट्टीवर साडेचार व्होल्टपर्यंत फरक पडू शकतो आणि साऱ्या मंडलातील तीच सर्वांत मोठी चूक ठरते. पण शिडी एकच असल्याने दोन्ही कडा एकाच प्रमाणात सरकतात. त्यामुळे मापनाच्या बाजूचा एक प्रीसेट फिरवला की दोन्ही एकदम जागेवर येतात. वरच्या आणि खालच्या कडांसाठी दोन स्वतंत्र प्रीसेट ठेवले, तर जुळवणी दोनदा करावी लागते आणि बिघडण्याच्या जागाही दुप्पट होतात.

कोणता रेझिस्टर तुटला तर?

पहारेकऱ्याची खरी परीक्षा तो स्वतः आजारी पडल्यावर होते. शिडीतील एकेक रेझिस्टर तुटला असे समजून पाहिले, तर ही गोष्ट स्पष्ट होते.

वरचा रेझिस्टर तुटला तर दोन्ही कडा शून्यावर येतात. मापन-व्होल्टेज दोन व्होल्ट, म्हणजे वरच्या कडेच्याही वर. मंडल ‘मर्यादेबाहेर’ म्हणते. खालचा तुटला तर दोन्ही कडा २.५ व्होल्टवर चढतात. मापन-व्होल्टेज त्यांच्या खाली राहते. मंडल पुन्हा ‘मर्यादेबाहेर’ म्हणते. मापनाच्या बाजूची तार सुटली तर मापन-व्होल्टेज शून्य होते आणि तेही बाहेरच मोजले जाते. या सर्व बिघाडांत मंडल खोटी हाकाटी करते. ते त्रासाचे असले तरी धोक्याचे नाही, कारण कोणीतरी येऊन पाहतो.

मधला रेझिस्टर तुटला तर मात्र वरची कडा २.५ व्होल्टवर चढते आणि खालची शून्यावर उतरते. खिडकीची दोन्ही दारे सताड उघडतात. भिंतीत १०० व्होल्ट असोत वा २८०, मंडल ‘सारे ठीक’ म्हणत राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही. तीन जागांपैकी हीच एक जागा घातक आहे, म्हणून तेथे दोन रेझिस्टर समांतर जोडायचे. त्यांतील एक तुटला तर मधला रोध ४.७ किलोओहम होतो आणि खिडकी सुमारे १९७ ते २४७ व्होल्ट एवढी रुंदावते. पहारा ढिला पडतो, पण उठत नाही. याच कारणासाठी मधल्या जागी प्रीसेट कधीही बसवू नये. दमट हवेत त्याचा सरकता स्पर्श सुटण्याची शक्यता साध्या रेझिस्टरपेक्षा कितीतरी अधिक असते.

दोन उत्तरांचे एक उत्तर

आता दोन कम्पॅरेटरांची उत्तरे जोडायची. एलएम३९३ चे निर्गम ‘ओपन कलेक्टर’ प्रकारचे असतात. म्हणजे आयसी निर्गमाची तार एकतर जमिनीकडे खाली ओढते, नाहीतर मोकळी सोडते. वर ढकलण्याची ताकद तिच्यात नसते. तार वर नेण्याचे काम ५ व्होल्टला जोडलेला १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर करतो. त्यामुळे दोन्ही निर्गम सरळ एकाच तारेला बांधता येतात. दोघांनीही तार सोडली तरच ती वर जाते. एकानेही ओढली तर खाली येते. ‘हे आणि तेही’ हा तर्क कोणत्याही वेगळ्या गेटशिवाय असा फुकट मिळतो.

जोडणी अशी. वरच्या कडेचा कम्पॅरेटर: अधिक प्रवेशाला वरची कडा, उणे प्रवेशाला मापन-व्होल्टेज. खालच्या कडेचा कम्पॅरेटर: अधिक प्रवेशाला मापन-व्होल्टेज, उणे प्रवेशाला खालची कडा. मापन-व्होल्टेज खिडकीत असेल तर दोघेही तार सोडतात, तार वर जाते आणि हिरवा दिवा लावणारा ट्रान्झिस्टर चालू होतो.

येथे नवशिक्यांची एक ठरलेली चूक होते. ‘बाहेर गेल्यावर दिवा लागावा’ म्हणून ते चारही प्रवेशांची अदलाबदल करतात आणि दिवा कधीच लागत नाही. कारण अदलाबदलीनंतर एक कम्पॅरेटर ‘वरच्या कडेच्या वर’ असताना तार सोडतो आणि दुसरा ‘खालच्या कडेच्या खाली’ असताना. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कधीच खऱ्या होत नाहीत, म्हणून तार कायम खालीच राहते. उलटे उत्तर हवे असेल तर प्रवेशांना हात न लावता जोडलेल्या निर्गमापुढे एक ट्रान्झिस्टर उलटवणारा म्हणून ठेवावा. दुसरी चूक याहून महाग पडते. काही कम्पॅरेटरांचे निर्गम तार खाली ओढतात तसे वरही ढकलतात. असे दोन निर्गम एकत्र बांधले तर एक वर ढकलतो, दुसरा खाली ओढतो आणि आयसी तापते. त्या जातीच्या आयसीला वेगळे गेट लागतेच.

ओपन कलेक्टरचा एक दुर्गुणही ध्यानात ठेवावा लागतो. त्याचे मौन ‘ठीक आहे’ असे वाचले जाते. आयसी सॉकेटमधून निसटली किंवा निकामी होऊन दोन्ही निर्गम मोकळे पडले, तरी पुल-अप तार वर नेतो आणि हिरवा दिवा तेवत राहतो. यावर उपाय एलसीबीवर असते तशा चाचणीच्या बटणाचा. एक बटण दाबले की मापन-व्होल्टेज १२ टक्क्यांनी खाली यावे, दुसरे दाबले की १३ टक्क्यांनी वर जावे. हे आकडे खिडकीच्या रुंदीवरून येतात: विद्युतदाब खिडकीत कोठेही असला तरी तेवढा धक्का त्याला बाहेर नेतो. दोन्ही वेळा हिरवा दिवा विझला पाहिजे. पुरवठा २३० व्होल्टच्या आसपास असताना खालचे बटण दाबूनही दिवा तेवत राहिला, तर मधल्या दोन रेझिस्टरांपैकी एक तुटल्याचा संशय घ्यावा. धक्का याहून फार मोठा ठेवला तर नेमका हाच बिघाड लपतो.

रिले जोडल्यावर

दिव्याच्या जागी रिले बसवून पुरवठा तोडायचा असेल, तर ‘ठीक’ असताना रिले ओढलेला आणि बिघाडात सुटलेला, अशीच रचना हवी. भिंतीतील विद्युतदाब ३६ व्होल्टवर कोसळला की मंडलाला स्वतःलाच वीज पुरत नाही; अशा वेळी रिले आपोआप सुटतो आणि घर तुटते. उलट रचनेत, म्हणजे बिघाडात रिले ओढायचा असेल तर, ज्या क्षणी ताकद हवी त्याच क्षणी ती नसते.

रिलेबरोबर आणखी एक त्रास येतो. रिले ओढला की तो ट्रान्सफॉर्मरवर भार टाकतो आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरचा विद्युतदाब काही टक्क्यांनी उतरतो. मापनही त्याच ट्रान्सफॉर्मरवर असेल तर मंडलाला वाटते की भिंतीतील वीज खाली गेली. ते रिले सोडते, भार हटतो, विद्युतदाब वर येतो, रिले पुन्हा ओढला जातो. ही टकटक ऐकू आली की दोष भिंतीत नसून मंडलात आहे हे ओळखावे. मापनासाठी वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर ठेवला की ती थांबते. निर्गमातून मापनाच्या तारेकडे रेझिस्टर जोडून टकटक थांबवण्याचा उपाय साध्या कम्पॅरेटरला चालतो, खिडकीला नाही. मापन वर ढकलल्याने खालच्या कडेवर स्थैर्य येते, पण वरच्या कडेवर तोच धक्का टकटक वाढवतो. त्यापेक्षा पुरवठा परत जोडताना दोन-तीन मिनिटांचा विलंब ठेवणे चांगले. नुकताच बंद पडलेला फ्रिजचा कम्प्रेसर लगेच सुरू करणे त्यालाही मानवत नाही.

डिमरस्टॅटवरची परीक्षा

कागदावरील आकडे मंडलात जसेच्या तसे उतरत नाहीत. डायोडांचा ब्रिज विद्युतदाबातून सुमारे १.४ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो आणि तो भाग पुरवठ्याबरोबर कमीजास्त होत नाही. त्यामुळे भिंतीत सहा टक्के बदल झाला की मंडलाला तो सहा टक्क्यांपेक्षा थोडा मोठा दिसतो. वर काढलेल्या दोन्ही कडा प्रत्यक्षात सुमारे दीड-दीड व्होल्ट आत सरकतात. शिवाय असे मंडल तरंगाचा माथा मोजते. साध्या इन्व्हर्टरच्या चौकोनी तरंगाचा माथा बुटका असतो. त्यावर मीटर २३० व्होल्ट दाखवत असला तरी हे मंडल विद्युतदाब कमी असल्याचे सांगेल.

म्हणून शेवटची जुळवणी डिमरस्टॅटवर करतात. विद्युतदाब २३० व्होल्टवर ठेवून मापनाची तार २ व्होल्टवर येईल असा प्रीसेट फिरवावा. मग २०० पासून २६० व्होल्टपर्यंत हळूहळू वर जाऊन तसेच खाली यावे आणि दिवा लागण्या-विझण्याचे चारही आकडे वहीत नोंदवावेत. दोन्ही कडा एकाच दिशेला ढळल्या असतील तर दोष संदर्भ-आयसीत किंवा प्रीसेटमध्ये. खिडकी अपेक्षेपेक्षा रुंद किंवा अरुंद निघाली तर दोष शिडीत. कडेजवळ दिवा फडफडत असेल तर कपॅसिटर लहान पडतो आहे आणि मापनावर पुरवठ्याची लहर उरली आहे. हे काम उघड्या मेन्सवर होत असल्याने ते जाणकार माणसाच्या हातूनच व्हावे, आणि मंडलाच्या प्रवेशाला फ्यूज व जादा दाब शोषणारा व्हॅरिस्टर असावा, कारण ३६४ व्होल्ट सर्वांत आधी त्याच्याच ट्रान्सफॉर्मरवर येणार आहेत.

हा पहारेकरी न्यूट्रलचा गंजलेला जोड दुरुस्त करत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात उपनगरांतील अनेक तळमजल्यांवरच्या मीटर रूममध्ये पाणी शिरले होते. जेथे असे पाणी शिरते, तेथील जोड दरवर्षी पावसाळ्याआधी उघडून, घासून, घट्ट करणे हाच मूळ इलाज. तो चुकला, तर त्या दिवशी दूरचित्रवाणी संच आणि फ्रिज वाचतील की नाही, हे खिडकीच्या दोन कडा आणि मधला तो रेझिस्टर शाबूत आहे का, यावर ठरते.